एकच गळा, तीन कापडं

सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याभोवती कपाळाच्या उंचीवर टेप फिरवला, तर माप साधारण 52 सेंटीमीटर भरतं. तिच्यासाठी गोल गळ्याचे तीन कपडे शिवायचे आहेत असं धरू. गोव्यातल्या कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाचा फ्रॉक, एक सुती टी-शर्ट आणि समुद्रात डुंबायला पोहण्याचा पोशाख. तिन्हींचा गळा मानेशी नीट बसायचा तर त्याचा घेर 44 सेंटीमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. म्हणजे डोकं गळ्यापेक्षा 8 सेंटीमीटरने मोठं. टी-शर्ट ही तूट ताणून भरून काढतो, पोहण्याचा पोशाख आणखी सहज भरून काढतो, आणि फ्रॉक भरून काढतच नाही. तो कानावर अडकून बसतो आणि मुलगी रडायला लागते.

शिवणवर्गात नव्याने आलेल्या मुली याचं कारण "कापड जाड आहे" किंवा "सुती आहे" असं सांगतात. पण टी-शर्टसुद्धा सुतीच आहे, आणि कधीकधी त्याचा धागा फ्रॉकच्या धाग्याइतकाच जाड असतो. फरक धाग्यात नाही, धागा कापडात कुठून कुठे जातो त्यात आहे. एकच धागा मनात धरायचा आणि त्याचा माग काढायचा. कापड किती ताणलं जाईल, ताणल्यावर परत येईल का आणि कापल्यावर त्याच्या दशा निघतील का, ही तिन्ही उत्तरं त्या मार्गातच असतात.

कुणबी कापड मागावरचं आहे. त्यात ताण्याचे धागे उभे जातात आणि बाण्याचे आडवे. प्रत्येक धागा समोरच्या धाग्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो आणि कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ पोचतो. वर-खाली होताना त्याला बारीकशी लाट पडते, तेवढंच काय ते वाकणं. ते कापड आडवं ओढलं की आधी ही लाट सरळ होते, आणि ती सरळ झाली की तुम्ही थेट सुती धाग्यालाच ओढत असता. सुती धागा फारसा लांबत नाही. म्हणून 10 सेंटीमीटरचा तुकडा ओढला तर काही मिलिमीटर हाती लागतात आणि मग कापड घट्ट होतं. 44 चा गळा 52 करायला मात्र 18 टक्के ताण हवा.

हेच कापड कोपऱ्यांना धरून तिरकं ओढून पाहा. आता ते चांगलंच लांबतं. पण लांबताना अरुंदही होतं, आणि तिथेच त्याचं गुपित कळतं. धागे लांबलेले नसतात, त्यांच्यामधला कोन बदललेला असतो. सांधे ढिले झालेली खाटेची चौकट एका बाजूला कलते तसे सगळे चौकोन कलतात. शिंपी गळ्याला आणि काखेला तिरकी पट्टी लावतात ती याच कारणासाठी, पट्टी वळणावर गुमान बसते. पण पट्टी तिरकी कापली म्हणून गळा ताणला जाईल, ही समजूत चुकीची. ती पट्टी ज्या कापडाला शिवली आहे ते ताणलं जात नाही, तेव्हा पट्टीही त्याच्याबरोबर अडते.

फ्रॉकच्या गळ्याला म्हणून चीर हवीच. पाठीमागे मध्यावर 6 सेंटीमीटरची चीर दिली तर तिच्या दोन्ही कडा उघडतात आणि तोंडाचा घेर सुमारे 12 सेंटीमीटरनी वाढतो. 44 अधिक 12, म्हणजे 56. डोकं 52 चं, कानांना आणि केसांना थोडी जागा उरली. वर एक बटण आणि एक फास, झालं. 4 सेंटीमीटरची चीर कागदावर पुरते, 44 अधिक 8 बरोबर 52 होतात, पण प्रत्यक्षात त्यात रोज ओढाताण होते आणि चिरेच्या तळाशी कापड फाटायला लागतं.

आता दशांकडे. मागावरच्या कापडात धाग्याला जागेवर ठेवतं ते फक्त त्याला ओलांडून जाणाऱ्या धाग्यांचं घर्षण. काठावर तसं होत नाही, कारण तिथे बाण्याचा धागा वळून परत आत जातो. पण कात्रीने कापलं की कडेचा शेवटचा धागा मोकळा होतो. त्याला बाहेरून अडवणारं कुणीच नसतं. तो गळून पडला की त्याच्या आतला धागा शेवटचा होतो. धाग्याच्या बरोबर रेषेत कापलं तर दशा लांबच लांब निघतात. तिरकं कापलं तर प्रत्येक धाग्याचं टोक आखूड असतं आणि लगेच दुसऱ्या धाग्याखाली दबलेलं असतं, त्यामुळे नुसता भुसा सुटतो. विरळ विणीच्या कापडात घर्षण कमी, म्हणून दशा जास्त. सॅटिनमध्ये धागा बरेच धागे ओलांडून मग एकदा खाली जातो, शिवाय तो गुळगुळीत असतो, म्हणून तिथे तर कापड टेबलावर ठेवल्या ठेवल्या सुटायला लागतं. कुणबी कापडाची विण साधी असते, त्यामुळे ते त्यामानाने बरं, पण जाडसर धाग्याच्या विरळ थानात शिवणीसाठी दीड सेंटीमीटर तरी सोडावं आणि कडेला ओव्हरलॉक मारावं.

गोल गळ्यात आणखी एक खोडी आहे. मध्यावर गळ्याची कड बाण्याच्या रेषेत असते, खांद्याकडे जाताना ती ताण्याच्या रेषेकडे वळते, आणि या दोन्हींच्या मधला भाग आपोआप तिरका पडतो. तो तिरका भाग नुसतं कापड उचलून मशीनपर्यंत नेतानाही पसरतो. 44 चा गळा शिवायच्या आधीच 46 होतो आणि मग पट्टीला चुण्या पडल्या म्हणून पट्टीला दोष दिला जातो. उपाय सोपा आहे: कापल्याबरोबर, जागेवरच, कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर एक साधी टीप मारून घ्यायची.

टी-शर्टचं कापड मागावर होत नाही. ते फासांचं असतं. एक धागा सुईवर फास घेतो, शेजारच्या सुईवर दुसरा, मग तिसरा, असा आडवा चालत राहतो, आणि पुढच्या ओळीचे फास या ओळीच्या फासांतून ओढून घेतले जातात. याला वेफ्ट-निट म्हणतात. आजी सुयांवर स्वेटर विणायची तीही हीच विण, टी-शर्टच्या कारखान्यात तेच काम गोल मशीनवर बारीक सुतात होतं. असं मशीन नवं नाही. विल्यम ली या इंग्रज माणसाने पायमोजे विणायचं पहिलं यंत्र 1589 साली केलं.

इथे धागा कुठेच सरळ नाही. सगळा वळणावळणांचा. कापड आडवं ओढलं की फासाच्या दोन पायांतला धागा सरकून डोक्याकडे येतो, फास बुटका आणि रुंद होतो. उभं ओढलं की उलट. म्हणजे धागा मुळीच न लांबता कापड लांबतं. फासाच्या पायांत धागा भरपूर असतो, म्हणून आडवा ताण उभ्यापेक्षा जास्त मिळतो, आणि म्हणूनच टी-शर्ट बेतताना जास्त ताणाची दिशा अंगाभोवती ठेवतात. 18 टक्के हे या कापडाला काहीच नाही.

मग गळ्याला वेगळी पट्टी का लावतात? कारण ताणणं एक आणि परत येणं दुसरं. फास मोठा झाला की तो पुन्हा पहिल्या आकारात यावा यासाठी जोर लावतो तो फक्त वाकवलेल्या धाग्याचा थोडासा ताठपणा. त्याच्याविरुद्ध असतं फासाफासांत होणारं घर्षण. सुती धाग्यात तो ताठपणा लेचापेचा असतो, त्यामुळे फास अर्ध्या वाटेवरच अडकून राहतो. शिवाय पाण्याने सुती धागा मऊ पडतो आणि जसा ठेवला तसा आकार घेतो. धुतल्यावर हलकेच पिळून नीट पसरलं, तर अडकलेले फास सुटतात आणि कापड बरंचसं आवळतं. गुडघ्याला फुगा आलेली सुती पायजमा-पँट धुतल्यावर ठीक होते ती यामुळे. पण तोच ओला टी-शर्ट पावसाळ्यात हँगरला लावून दोन दिवस वाळत ठेवला, आणि आपल्याकडे जुलैत दोन दिवस लागतातच, तर पाण्याचं सगळं वजन खांद्यावर आणि गळ्यावर लोंबतं आणि फास त्याच ताणलेल्या आकारात सुकतात. टी-शर्ट दोरीवर पोटातून दुमडून टाकावा, गळ्याला चिमटा लावू नये, हे त्यामुळे.

गळ्याची पट्टी रिबची असते. रिबमध्ये फासांची एक उभी रांग पुढे उमटते, शेजारची मागे. पुढे-मागे असल्यामुळे त्या रांगा एकमेकींच्या आड सरकून बसतात आणि कापड आपोआप अरुंद होतं. ओढलं की आधी या लपलेल्या रांगा बाहेर येतात आणि मग फास रुंद होतात. हिशेबाने त्याच धाग्याच्या साध्या जर्सीपेक्षा, म्हणजे टी-शर्टच्या अंगाच्या कापडापेक्षा, रिबला आडवा, परत येणारा ताण दुप्पट मिळतो.

आता गळ्याचं गणित करू. गळा 44, पट्टी त्याच्या साधारण 85 टक्के, म्हणजे 37 सेंटीमीटर, आणि सांध्यासाठी दोन सेंटीमीटर वेगळे. ही 37 ची पट्टी ताणून 44 च्या गळ्यावर समान बसवायची. डोक्यातून घालताना ती 37 वरून 52 वर जाते, म्हणजे सुमारे 40 टक्के ताण. चांगली सुती रिब तेवढी सहज देते. पट्टी आखूड कापण्यामागची खरी गोम मात्र पुढे आहे. वर्षभराच्या वापराने समजा ती 10 टक्के कायमची सैल झाली. 37 ची 40.7 झाली, तरी ती अजून 44 पेक्षा लहानच आहे. ती गळ्याला आत खेचत राहते आणि गळा सपाट बसतो. हीच पट्टी 43 ची कापली असती तर 10 टक्के सैल पडताच 47 वर गेली असती, आणि गळा शेवग्याच्या सालीसारखा वेडावाकडा झाला असता. म्हणजे पट्टी सैल होणार हे गृहीत धरून तिच्यात आधीच शिल्लक ठेवलेली असते. बाजारातल्या स्वस्त टी-शर्टचा गळा तीन धुण्यांत लोळतो तो बहुधा रिबऐवजी अंगाच्याच कापडाची पट्टी लावल्याने किंवा ती ताण न देता बसवल्याने.

शिवणीचंही ध्यान ठेवायला हवं. साध्या सरळ टिपेचा दोरा टी-शर्टइतका ताणला जात नाही, पहिल्यांदा डोकं घालतानाच कटकन तुटतो. ओव्हरलॉक नसेल तर अगदी अरुंद झिगझॅग चालते.

टी-शर्टच्या कडेला मागावरच्या कापडासारख्या दशा निघत नाहीत. तिथे वेगळेच तीन प्रकार होतात. पहिला म्हणजे ओळ उसवणं. एक धागा अख्ख्या ओळीतून फिरलेला असल्याने त्याचं टोक सापडलं आणि ओढलं की ओळच्या ओळ सुटते. साधी जर्सी वरून आणि खालून, दोन्ही टोकांकडून उसवता येते. रिब आणि इंटरलॉक, म्हणजे दोन रिब एकमेकींत गुंफलेलं कापड, फक्त शेवटी विणलेल्या टोकाकडून उसवतं. दुसरा प्रकार शिडी पडण्याचा. मधला एक फास तुटला की त्याच्यात अडकलेला फास मोकळा होतो, मग त्याच्या पुढचा, आणि उभी रांग सरसर उतरते. बायकांच्या पातळ मोज्यांत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं, कारण नायलॉन गुळगुळीत असतं. सुती जर्सीत सूत खरखरीत असल्याने शिडी हळू जाते, पण टोकदार सुईने धागा कापला गेला तर धुतल्यावर शिवणीजवळ भोकांची रांग दिसायला लागते. फासांच्या कापडाला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई वापरतात ती याचसाठी, ती धागा न कापता बाजूला सारून आत जाते. तिसरा प्रकार गुंडाळण्याचा. साध्या जर्सीच्या बाजूच्या कडा उलट्या बाजूकडे वळतात आणि वरखालच्या कडा सुलट बाजूकडे, कारण वाकवलेला धागा सरळ व्हायला पाहतो आणि एका तोंडाच्या कापडात त्याला समोरून तोलणारं कुणी नसतं. रिब आणि इंटरलॉक दोन्ही तोंडांना सारखे, म्हणून ते सपाट राहतात. टी-शर्टची खालची कड न दुमडता तशीच सोडली तर ती उसवण्याआधी नळीसारखी गुंडाळते, आणि काहीजण फॅशन म्हणून ती तशीच ठेवतात.

पोहण्याचा पोशाख पाहिला की पहिल्यांदा तोही टी-शर्टसारखाच वाटतो. फासांचा, ताणला जाणारा. पण भिंग घेऊन उलटी बाजू बघितली तर तिथे कमानी नसतात, बारीक नागमोडी तिरक्या रेषा असतात. हे वार्प-निट. इथे एक धागा आडवा चालत नाही. मागावरच्या ताण्यासारखे शेकडो धागे वरून एकदम उभे येतात, प्रत्येक सुईला आपला धागा. धागा एका सुईवर फास घेतो, मग शेजारच्या सुईवर सरकून पुढचा फास तिथे घेतो, मग परत येतो. असा प्रत्येक धागा नागमोडी वर चढतो आणि चढता चढता शेजारच्या रांगेला आपल्याशी बांधून घेतो.

या मार्गाचा पहिला परिणाम कडेवर दिसतो. कापल्यावर तुम्ही प्रत्येक धागा तोडलेला असतो खरा, पण कुठलाही धागा अख्ख्या ओळीतून जात नसल्याने ओळ उसवायला टोकच सापडत नाही. शिवाय पोशाखाच्या कापडात धाग्यांचे दोन संच असतात, विरुद्ध दिशांनी सरकणारे, म्हणजे प्रत्येक फासात दोन धागे. एक तुटला तरी दुसरा फास धरून ठेवतो, शिडी पडत नाही. एकाच संचाचं वार्प-निट मात्र फसवं असतं. त्यात धागा तुटला तर कापड उभं चिरत जाऊ शकतं.

एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "टीचर, आमच्या कुळागरात रोपांवर शेडनेट घालतात. कात्रीने कशीही कापली तरी तिच्या दशा का निघत नाहीत?" तीही वार्प-निटच, रॅशेल मशीनवर प्लास्टिकच्या तंतूंनी विणलेली. जाळी इतकी उघडी असूनही कड जागेवर राहते, कारण तिला धरून ठेवणारं घर्षण नाही, गुंफण आहे. मागावर तेवढी विरळ जाळी विणली असती तर कापताक्षणी तिची मोळी झाली असती.

ताणाच्या बाबतीत वार्प-निटला एकच एक स्वभाव नाही. धागा फास घेऊन शेजारच्याच सुईवर गेला तर मधला तुकडा आखूड आणि तिरका राहतो, कापड लवचीक होतं. तोच धागा तीन-चार सुया ओलांडून गेला तर तो तुकडा लांब आणि जवळजवळ आडवा पडतो, मग आडवं ओढल्यावर तुम्ही पुन्हा सरळ धाग्यालाच ओढत असता आणि कापड मागावरच्यासारखं अडतं. झेंड्यांची, पडद्यांची, गाडीच्या सीटची वार्प-निट कापडं ताणत नाहीत ती अशी. त्यामुळे नुसतं "वार्प-निट आहे" एवढ्यावरून गळा डोक्यातून जाईल की नाही ते सांगता येत नाही. ओढूनच बघावं लागतं.

पोहण्याच्या कापडाला ताण आणि परतणं दोन्ही मिळतात ते इलॅस्टेनमुळे, बाजारातला शब्द लायक्रा. साधारणपणे अशा कापडात नायलॉन 80 टक्के आणि इलॅस्टेन 20 टक्क्यांच्या आसपास असतं. नायलॉन एका संचात, इलॅस्टेन दुसऱ्या संचात, आणि ते प्रत्येक फासात हजर असतं. फास मोठा झाला की इथे घर्षणाशी झुंजायला लेचापेचा सुती ताठपणा नसतो, रबरासारखा ओढणारा तंतू असतो. म्हणून हे पोशाख अंगापेक्षा लहान बेततात. मुलीची छाती 60 असेल तर कापड 52 चं, म्हणजे घातल्यापासून काढेपर्यंत ते 15 टक्के ताणलेलंच. 44 चा गळा 52 वर नेऊन सोडला की तो लगेच 44 वर येतो. कडेला इलॅस्टिक लावतात ते दशांसाठी नाही. ओल्या कापडाची कड गुंडाळू नये आणि लाटेच्या माऱ्यात गळा उघडू नये म्हणून.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कटपीस घेताना दुकानदार या सगळ्यांना सरसकट "होजियरी" किंवा "लायक्रा" म्हणतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. कापलेल्या कडेवरून नखाने एक धागा सोडवून बघावा. जवळजवळ सरळ, बारीक लाटांचा धागा सुटला तर मागावरचं. कुरळा, संपतच नाही असा धागा आला तर वेफ्ट-निट. नुसता भुसा हाताला लागून पुढे काहीच सुटलं नाही तर वार्प-निट. जर्सीच्या मात्र चारही कडांना ओढून बघावं, कारण वरच्या किंवा खालच्या कडेकडूनच ती उसवते, बाजूच्या कडेला फक्त तुकडे मिळतात.

मग परतीची परीक्षा. कापडावर पेनाने 10 सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, वापरताना ताणलं जाईल तितकं ओढून मिनिटभर धरायचं, सोडून आणखी मिनिटभर थांबायचं आणि मोजायचं. 10.2 झालं तर चांगलं. 10.8 राहिलं तर त्या कापडाचा गळा किंवा कंबर बेतू नये, झग्याला ते चालेल. एकदा आडवं आणि एकदा उभं, दोन्हीकडे मोजायचं. स्ट्रेच डेनिम फक्त आडवी ताणली जाते, कारण तिच्यात इलॅस्टेन सहसा बाण्याच्या धाग्यातच असतं. ती मागावरची आहे, त्यामुळे ताणली गेली तरी तिच्या दशा निघतातच.

इलॅस्टेनला तलावातलं क्लोरीन सोसत नाही. तंतू आतल्या आत तुटत जातात. बाहेरून कापड धडधाकट दिसतं आणि ओढलं की पूर्वीसारखंच ताणलंही जातं, कारण नायलॉनचे फास जागेवर असतात. परत मात्र येत नाही. बसण्याच्या जागी झोळ पडतो आणि उन्हात धरलं की तुटलेल्या तंतूंची पांढरी केसाळ टोकं दिसतात. पोहून आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवलं तर हे लांबवता येतं. टोकं दिसायला लागल्यावर गळ्याला नवं इलॅस्टिक घालून थोडे दिवस काढता येतात, पण बाकीचं अंग सैलच राहतं.